रंग लावल्यावर पहिलं न्हाणं

केस रंगवून झाले, आरशात पुढून-मागून बघून झालं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "आता डोकं कधी धुवू?" मनामाच्या ज्या लेडीज सलूनमध्ये मी काम करते, तिथे हा प्रश्न अरबीत, हिंदीत आणि मल्याळममध्ये रोज ऐकू येतो. आपल्या बायका अर्थातच मराठीत विचारतात. उत्तर मात्र सगळ्यांना एकच मिळतं : दोन दिवस थांबा. उत्तर चुकीचं नाही, पण अर्धवट आहे. दोन दिवस कशासाठी, हे कुणी सांगत नाही. मग मेंदी-नीळ लावलेली बाई त्याच संध्याकाळी घाबरून शाम्पू करते आणि केमिकल रंग लावलेली बाई तीन दिवस घामेजलं डोकं घेऊन बसते. पहिलीचं त्यात खरोखर नुकसान होतं. दुसरीला इतकं सोसायची गरज नसते.

गेल्या गणपतीच्या आधीची गोष्ट सांगते, म्हणजे नीट कळेल. आमच्या गुदैबियातल्या इमारतीत एक काकू राहतात. साठी ओलांडलेली, खांद्यापर्यंत केस, पुढचे आणि कानशिलांवरचे जवळजवळ सगळे पांढरे. वर्षानुवर्षं त्या पाकिटातला काळा रंग लावायच्या. मग एकदा कपाळावर खाज सुटली आणि सकाळी उठल्या तर पापण्या सुजून डोळे उघडेनात. डॉक्टरांनी रंगातल्या पॅरा-फेनिलीनडायअमीन या घटकाची ॲलर्जी असल्याचं सांगितलं आणि पुन्हा तो रंग लावायचा नाही अशी ताकीद दिली. हे नाव लांबलचक आहे, म्हणून आमच्याकडे सगळे त्याला पीपीडी म्हणतात. काळ्या आणि गडद तपकिरी रंगांत तो फार सर्रास असतो. काकूंपुढे मग दोनच वाटा उरल्या. केस पांढरे ठेवायचे, नाहीतर आधी मेंदी आणि तिच्यावर नीळ लावायची. गणपतीचा कार्यक्रम शनिवारी संध्याकाळी होता आणि त्यांना केस काळे हवे होते.

मी त्यांना म्हटलं, "काकू, शनिवारी काळे दिसायचे असतील तर गुरुवारी सगळं उरकलं पाहिजे." त्यांना वाटलं मला शुक्रवारी सुट्टी नाही म्हणून मी असं म्हणतेय. तसं नव्हतं. मेंदी आणि नीळ लावलेल्या दिवशी रंग पुरा झालेला नसतो, त्याला वेळ द्यावा लागतो.

बुधवारी रात्री मेंदी भिजवली. खांद्यापर्यंतच्या केसांना 100 ग्रॅम पावडर पुरते. चहाचं कोमट पाणी घालून, दह्याइतकी दाट करून झाकून ठेवली. मेंदीच्या पानात रंग मोकळा नसतो, तो साखरेशी बांधलेला असतो. पाण्यात आणि किंचित आंबटपणात तो हळूहळू सुटतो, म्हणून भिजवायचं. सुटलेल्या रंगाला लॉसोन म्हणतात. एसीच्या खोलीत त्याला रात्रभराचा वेळ लागतो. तीच मेंदी इथल्या ऑगस्टमध्ये एसी नसलेल्या स्वयंपाकघरात ठेवली तर चार-पाच तासांत तयार होते आणि सकाळपर्यंत तिचा जोर ओसरलेला असतो. तयार झाली की नाही हे घड्याळावरून ठरवू नये. वाटाण्याएवढी मेंदी तळहातावर ठेवून पाच मिनिटांनी पुसायची. खाली स्वच्छ केशरी डाग उमटला, की लावायला घ्यायची.

गुरुवारी दुपारी ती मेंदी लावली, दोन तास ठेवली आणि नुसत्या पाण्याने धुतली. पांढऱ्या केसांवर भडक केशरी रंग आला. काकूंनी आरसा खाली ठेवला. पण हा केशरी रंग हवाच असतो, कारण नीळ त्याच्यावर बसली तरच काळ्याकडे जाते. पांढऱ्या केसांवर थेट नीळ लावली तर निळसर-करडी छटा येते आणि ती फार टिकतही नाही.

आता नीळ. ही कपड्यांची नीळ नव्हे. निळीच्या झाडाच्या वाळवलेल्या पानांची ही हिरवी पावडर असते आणि आपल्याकडे ती इंडिगो पावडर म्हणून मिळते. इथल्या जुन्या मनामा सूकमध्ये अरबी बायका मेंदीबरोबर 'कतम' मागतात. मेंदी आणि कतम यांचा उल्लेख हदीसमध्येही आहे, त्यामुळे केस रंगवायची ही जोडगोळी आखातात नवी नाही. शिवाय मेंदी हा इथल्या घराघरातला विषय आहे. लग्नाआधीची मेंदीची रात्र बहरीनी घरांतही होते आणि 2024च्या डिसेंबरमध्ये युनेस्कोने अरब देशांच्या मेंदीच्या परंपरेला आपल्या वारसा यादीत घेतलं, त्या देशांत बहरीनही होतं.

निळीची तऱ्हा मेंदीच्या अगदी उलट. तिला रात्रभर भिजवायचं नाही आणि तिच्यात लिंबू घालायचं नाही. कोमट पाणी आणि चिमूटभर मीठ घालून कालवायची आणि दहा-पंधरा मिनिटांत डोक्यावर चढवायची. मी कालवलेलं वाडगं काकूंना दाखवलं. आधी पालेभाजीसारखं हिरवं होतं. थोड्या वेळाने वरच्या थरावर गडद निळी साय धरली, चमच्याने ती बाजूला केली तर खाली अजून हिरवंच. सगळं गुपित त्या सायीत आहे. पानातला मूळ पदार्थ पाणी लागल्यावर फुटतो आणि त्यातून इंडॉक्सिल नावाचा लहानसा, रंगहीन कण सुटतो. तो लहान असतो म्हणून केसाच्या आत शिरू शकतो. त्याला हवेतला ऑक्सिजन मिळाला की दोन-दोन कण एकमेकांना जोडले जातात आणि निळा रंग तयार होतो. हा निळा कण आकाराने मोठा असतो आणि पाण्यात विरघळत नाही. केसाच्या आत तो जुळला तर तिथेच अडकून पडतो. वाडग्यातच जुळला तर केसात शिरूच शकत नाही, नुसता वरवर चिकटतो आणि पहिल्या पाण्याबरोबर निघून जातो. म्हणून मी एकदम सगळी नीळ कधी कालवत नाही. अर्धी कालवून मागचं डोकं करते, मग उरलेली कालवून पुढचं. आणि लावून झालं की लगेच प्लास्टिकची टोपी. बहरीनमध्ये एसीचा झोत लेप फार लवकर सुकवतो. सुकलेल्या लेपातून केसात काही जात नाही. नंतर उशीवर आणि कॉलरवर उतरणारी निळी भुकटी बहुतेक वेळा त्याच लेपाची असते.

दीड तासाने पुन्हा नुसत्या पाण्याने केस धुतले. शाम्पू नाही आणि साबण नाही. पाणी स्वच्छ होईपर्यंत धुवायचं, कारण पानाचा चोथा केसात राहिला तर डोकं खाजतं.

रात्री आठच्या सुमारास काकूंचा फोन आला, "अगं, वाळल्यावर हिरवट दिसतंय गं! कानशिलांवर तर शेवाळ आल्यासारखं. शाम्पू करून टाकू का?"

ही वेळ फार महत्त्वाची असते. नेमक्या या वेळेला शाम्पू होतो आणि मग "मला नीळ चढतच नाही" अशी कायमची समजूत होते. काकूंचे केस हिरवट दिसत होते, कारण केसात शिरलेल्या इंडॉक्सिलचा काहीच भाग तोवर निळा झाला होता. बाकीचा अजून वाट बघत होता. निळा कमी पडतो, खालची मेंदीही अजून कोवळी, पिवळट-केशरी असते आणि पानाचा हिरवा अंश वरती असतो. हे तिन्ही मिळून जे दिसतं ते हिरवट. दही लागत असताना भांडं हलवत नाही, तसं हे आहे. मी त्यांना एवढंच सांगितलं, "केस बांधू नका, तेल आज नको, मोकळे सोडून झोपा. उशीवर जुना काळा टॉवेल घाला."

शुक्रवारी सकाळी हिरवटपणा गेला होता आणि केस गडद तपकिरी दिसत होते. शनिवारी सकाळी घरातल्या उजेडात ते काळे होते आणि गच्चीवरच्या उन्हात त्यांच्यात लालसर झाक होती. हा फरक हवेने केला, दुसरं काहीही लावलं नव्हतं. मेंदीचंही तसंच होतं. लॉसोन केसाच्या केराटिनला जाऊन जुळतो आणि पुढचे दोन-तीन दिवस हवेत मुरत तांबूस होतो. हातावरची मेंदी रात्री नारिंगी दिसते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रंगते, हे आपल्या प्रत्येक बाईने लग्नघरात पाहिलेलं असतं. केसांचा हिशेब वेगळा नाही.

म्हणून मेंदी-नीळ असेल तर 48 तासांचा नियम खरा आहे आणि तो पाळावा. त्या वेळात शाम्पूने दोन गोष्टी होतात. पाण्याने केस फुगतो, त्याची खवल्यांची साल जराशी उघडते आणि न जुळलेले लहान कण फेसाबरोबर बाहेर येतात. जो रंग व्हायचा होता, तोच निघून जातो. एकदा का ते कण निळे झाले, की शाम्पूला त्यांना काढणं कठीण असतं. आपल्या आईच्या पिढीची रीत म्हणजे मेंदी नुसत्या पाण्याने धुवायची, दुसऱ्या दिवशी तेल चोपडायचं आणि तिसऱ्या दिवशी शिकेकाईने न्हायचं. त्यात रसायनशास्त्राचं नाव कुठे नव्हतं, पण वेळ अगदी बरोबर होती. तेल नीळ लावायच्या आधी मात्र कधीच नको, तेलकट केसात काही शिरत नाही.

इथे बहरीनची एक अडचण सांगायलाच हवी. पुस्तकात आणि व्हिडिओत सगळे म्हणतात, रंगवलेले केस थंड पाण्याने धुवा. ऑगस्टमध्ये इथे थंड पाण्याच्या नळाला थंड पाणी नसतंच. टाक्या गच्चीवर, दिवसभर उन्हात, आणि दुपारी नळ सोडला की हात मागे घ्यावा लागतो. अशा पाण्याने केस जास्त फुगतो आणि रंग जास्त सुटतो. इथे राहणाऱ्या जुन्या लोकांची युक्ती सरळ आहे. उन्हाळ्यात गीझर बंद ठेवायचा. गीझर बाथरूममध्ये, एसीच्या सावलीत असतो, त्यात साठलेलं पाणी घराइतकंच गार होतं. मग 'हॉट'चा नळ सोडला की गार पाणी येतं. काकूंचे केस आम्ही त्याच नळाने धुतले. गीझर लहान असतो, पाणी संपलं की टाकीचं गरम पाणी आत यायला लागतं, म्हणून आधी दोन बादल्या भरून ठेवाव्यात.

दुसरी अडचण घामाची. थांबायचं म्हणजे फक्त शाम्पू टाळायचा एवढंच नाही, डोकं ओलं राहू द्यायचं नाही असंही त्यात येतं. इथल्या दमट दिवसांत पार्किंगपासून दारापर्यंत जाताना मानेवर धार लागते आणि त्या दोन दिवसांत घामाबरोबर थोडी निळाई कानामागे उतरते. ओल्या कापसाने पुसून घ्यावी. केस वाळवावेत. पांढरा कुर्ता त्या दोन दिवसांत घालू नये. आणि स्विमिंग पूल तर नकोच. पूलच्या पाण्यातला क्लोरीन नीळ नुसती धुऊन काढत नाही, तो रंगाचा कणच मोडतो. जीन्सवर ब्लीच सांडलं की जसा पिवळट डाग पडतो, तीच ही प्रक्रिया, कारण जीन्सचा निळा रंग हाच आहे. पूलमध्ये जायचंच असेल तर पहिला आठवडा जाऊ द्यावा, आधी केस साध्या पाण्याने भिजवून टोपी घालावी. कोरड्या केसापेक्षा आधीच भिजलेला केस पूलचं पाणी कमी पितो.

शनिवारी दुपारी काकूंनी पहिला शाम्पू केला. सौम्य शाम्पू, एकदाच, मुळांशी, आणि लांबीवर फक्त फेस ओघळू दिला. पाणी फिकट निळसर गेलं. त्याने घाबरायचं नाही, तो वरवर बसलेला रंग असतो. धुऊन वाळल्यावर मी त्यांच्या केसाच्या बटेवरून ओला पांढरा टिश्यू घट्ट दाबून ओढला. टिश्यूवर जेमतेम सावली आली. रंग बसला आहे की नाही हे बघायची ही सोपी खूण आहे. टिश्यू पहिल्या न्हाण्यानंतरही गडद निळा झाला, तर रंग आत गेलेला नाही, बाहेरच बसलेला आहे, आणि त्याचं कारण बहुधा लेप सुकणं किंवा नीळ फार वेळ कालवून ठेवणं हे असतं. अशा वेळी जास्त थांबून उपयोग नाही. नीळ ताजी कालवून पुन्हा लावायची. मेंदीला हात लावायची गरज नसते, ती पक्की असते.

आता दुसरी बाजू. काकूंच्या सुनेनेही त्याच आठवड्यात केस रंगवले, पण आमच्या सलूनमध्ये, क्रीम रंगाने. तिला ॲलर्जी नाही. 48 तास आधी कानामागे रंगाचा ठिपका लावून बघितलं होतं आणि ती चाचणी मी कुणालाच सोडू देत नाही. तिने मला विचारलं, "आईंना तुम्ही दोन दिवस शाम्पू करू दिला नाहीत आणि माझे केस तर इथेच, खुर्चीतच शाम्पूने धुतलेत. असं का?"

प्रश्न अगदी बरोबर होता. क्रीम रंगात कामाची पद्धत वेगळी असते. ट्यूबमधला रंग आणि डेव्हलपर, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड, आम्ही लावायच्या आधी मिसळतो. पांढरे केस झाकायला सहसा 20 व्हॉल्यूमचा, म्हणजे 6 टक्क्यांचा डेव्हलपर लागतो. अमोनियामुळे केस फुगतो आणि त्याची साल उघडते, लहान कण आत जातात आणि पेरॉक्साइड त्यांना तिथेच जोडून मोठे करतं. हवेची वाट बघावी लागत नाही, कारण ऑक्सिजन आम्ही बरोबरच दिलेला असतो. पांढऱ्या केसांना त्यासाठी पस्तीस-चाळीस मिनिटं लागतात आणि ती पुरती द्यावी लागतात. वीस मिनिटांत धुतलं तर रंग आत पुरता जोडला जात नाही आणि पांढरे केस पहिल्याच आठवड्यात डोकं वर काढतात. ती वेळ भरली, की रंगाचं मुख्य काम झालेलं असतं. उरलेला रंग, अमोनिया आणि पेरॉक्साइड डोक्यावर राहू देणं केसाला आणि कातडीला वाईट, म्हणून सलूनमध्ये आधी थोडं पाणी घालून तोच लेप डोक्यावर फेसाळतात, मग रंगानंतरच्या सौम्य, किंचित आम्लधर्मी शाम्पूने आणि कंडिशनरने धुतात. क्रीम रंगाचा पहिला शाम्पू त्याच दिवशी होऊन जातो. थांबायचं ते दुसऱ्यासाठी.

मग दुसऱ्यासाठी तरी का थांबायचं? कारण अमोनियाने फुगलेली साल कंडिशनरने बरीच मिटते, पण केस अजून नाजूक असतो आणि ओला झाला की पुन्हा फुगतो. सुरुवातीच्या धुण्यांत रंग नेहमीच जास्त जातो, नंतर गळती मंदावते. लगेच जोरात, गरम पाण्याने, डोक्यातला कोंडा काढायच्या शाम्पूने धुतलं तर ती सुरुवातीची गळती वाढते. दोन दिवस मिळाले तर बरं. पण हा नियम मेंदी-निळीइतका कडक नाही. इथे रंग अजून तयार व्हायचा आहे म्हणून आपण थांबत नाही, तयार झालेला रंग कमी निघावा म्हणून थांबतो. सून रोज जिमला जाते. तिला मी सांगितलं, "घाम आला तर दुसऱ्या दिवशी नुसत्या गार पाण्याने भिजव आणि कंडिशनर लाव, चालेल." तिसऱ्या दिवशीपर्यंत घामेजलेलं डोकं तसंच ठेवणं मला पटत नाही. टाळूला खाज येते, मग बाई नखांनी घासते आणि जे वाचवायचं होतं तेच घालवते.

एका गोष्टीत मात्र मी सगळ्यांनाच अडवते. क्रीम रंग लावल्या दिवशी जास्त काळा वाटला म्हणून त्याच रात्री तो "उतरवायला" शाम्पूवर शाम्पू करतात. पहिल्या दिवशी क्रीम रंग थोडा गडदच दिसतो आणि एक-दोन धुण्यांत मऊ होतो. मेंदी-निळीचं उलट, ती पहिल्या दिवशी फिकी दिसते आणि नंतर गडद होते. दोन्ही रंग पहिल्या रात्री फसवतात, फक्त वेगवेगळ्या दिशेने.

आणि आता जे मी आपल्या बायकांना कळकळीने सांगते ते. बाजारात 'काळी मेंदी' म्हणून जी पाकिटं मिळतात, त्यांच्यात मेंदी असो वा नसो, काळा रंग मेंदीचा नसतो. मेंदी काळी होतच नाही. अर्ध्या तासात केस किंवा हात काळेभोर करणाऱ्या पाकिटात बहुधा पीपीडी असतं, म्हणजे ज्याने काकूंचे डोळे सुजले तेच. त्याला मेंदीचा 48 तासांचा नियम लागू नाही आणि ॲलर्जीची चाचणी मात्र लागू आहे. म्हणून रंग लावायच्या आधी पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचा, आणि लावून झाल्यावरही ते पाकीट फेकू नका. डोकं कधी धुवायचं हे त्यावरूनच ठरतं, आणि खाज सुटली तर डॉक्टर सगळ्यात आधी तेच मागतात.